दोन तासांत अडीच किलोमीटर

'शिनरिन-योकू' हा शब्द मराठी वाचकाला आता अगदीच अनोळखी राहिलेला नाही. रविवारच्या पुरवण्यांत तो 'वनस्नान' या नावाने भेटतो. सोबत धुक्यातल्या उंच झाडांचा फोटो असतो आणि मजकुरात बहुतेक वेळा 'प्राचीन जपानी परंपरा' असे शब्द असतात. प्राचीन वगैरे काही नाही. हा शब्द १९८२ साली एका सरकारी अधिकाऱ्याने घडवला. तोमोहिदे आकियामा त्या वेळी जपानच्या वनखात्याचे प्रमुख होते, आणि लोकांनी सरकारी जंगलात यावं म्हणून त्यांना एखादं सुटसुटीत नाव हवं होतं.

लोकांनी यावं असं खात्याला वाटायला कारणही तसंच होतं. जपानची दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे. त्यातला साधारण चाळीस टक्के भाग माणसाने लावलेला, बराचसा दुसऱ्या महायुद्धानंतर, घरबांधणीला लाकूड लागेल या हिशोबाने. सुगी आणि हिनोकी या दोन सूचिपर्णी झाडांच्या रांगाच्या रांगा डोंगरांवर उभ्या राहिल्या. पण ही झाडं तोडणीला येईपर्यंत बाजार पालटला. १९६४ साली लाकडाची आयात पूर्ण खुली झाली आणि परदेशातून येणारं लाकूड स्वस्त पडू लागलं. डोंगरउतारावरून आपलं लाकूड खाली आणण्याची मजुरीही परवडेना. वनखात्याचा सरकारी जंगलांचा हिशोब तोट्यात गेला, कर्ज वाढत गेलं. दुसरीकडे तोक्यो-ओसाकातली माणसं ऑफिसात आणि लोकलमध्ये पिचत होती. जंगल न तोडताही ते कामाला येऊ शकतं, ही कल्पना अशा वेळी सुचणं साहजिक होतं.

आकियामांनी शब्द मात्र नेमका बांधला. जपानी लिपीत झाडाचं चिन्ह म्हणजे एक उभा दांडा, त्यावर आडवी रेघ आणि खाली दोन्ही बाजूंना तिरप्या उतरणाऱ्या दोन रेघा. अशी दोन झाडं शेजारी शेजारी काढली की 'रिन' होतं, म्हणजे विरळसं रान, झाडी. तीन झाडं काढली, वर एक आणि खाली दोन, की 'शिन' होतं, म्हणजे दाट अरण्य. दोन्ही मिळून 'शिनरिन', रोजच्या जपानीत जंगलाला वापरला जाणारा शब्द. त्यापुढचं 'योकू' म्हणजे स्नान. त्या चिन्हाच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब आहेत आणि उजवीकडे दरीचं चिन्ह.

जपानी माणसाच्या कानाला यातलं काहीच विचित्र लागत नाही, कारण 'योकू' लावलेले शब्द त्याच्या बोलण्यात आधीपासून आहेत. 'निक्को-योकू' म्हणजे सूर्यस्नान आणि 'काइसुइ-योकू' म्हणजे समुद्रस्नान. हे समुद्रस्नान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जपानात आलं ते मौज म्हणून नव्हे, तर उपचार म्हणून. जुन मात्सुमोतो या लष्करी डॉक्टरांनी १८८५ साली ओइसोचा किनारा त्यासाठी निवडला होता. म्हणजे 'योकू' या शब्दाला अंघोळीइतकाच डॉक्टरी सल्ल्याचाही वास आहे. मराठीत आपण 'ऊन खात बसतो', 'हवा खायला' माथेरानला जातो. आकियामांना नागरिकांकडून साधारण तेवढंच हवं होतं. फक्त त्यांनी त्यात आरोग्याचा मुद्दा घातला, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जपानी संशोधक त्याचा पुरावा शोधत राहिले.

त्याच वर्षी वनस्नानाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो नागानो प्रांतात, किसो खोऱ्यातल्या आगेमात्सु गावाजवळच्या आकासावाच्या जंगलात. ही निवडही सहज झालेली नव्हती. सतराव्या शतकात किल्ले आणि शहरं बांधण्यासाठी किसोच्या डोंगरांवर इतकी तोड झाली की जंगल संपत आलं. तेव्हा तिथल्या ओवारी संस्थानाने तोडबंदी घातली, आणि ती भलतीच कडक होती. 'एक झाड, एक मुंडकं' ही तिची ख्याती आजही सांगितली जाते. हिनोकी, सावारा, आसुनारो, नेझुको आणि कोयामाकी ही पाच झाडं रयतेला वर्ज्य झाली. त्या बंदीनंतर जे आपोआप उगवलं तेच आजचं आकासावा. म्हणून तिथल्या हिनोकी एका पिढीच्या, तीनशे वर्षांपुढच्या आहेत, आणि रांगेत लावलेल्या नाहीत. इसेचं प्रसिद्ध मंदिर दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. त्याच्या पुढच्या बांधणीसाठी पहिली झाडं २०२५च्या जूनमध्ये किसोतल्या याच डोंगरांवर विधिपूर्वक तोडली गेली.

जंगलात शिरल्यावर हिनोकी आणि सावारा यांतला फरक पहिल्या नजरेला कळत नाही. दोन्हींची साल तांबूस, उभ्या पट्ट्यांनी सुटणारी. दोन्हींची पानं खवल्यांसारखी चपटी. एक डहाळी उचलून पान उलटं करायचं. खवल्यांच्या सांध्यांत पांढऱ्या बारीक रेघा दिसतात. त्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसल्या तर हिनोकी, एक्ससारख्या दिसल्या तर सावारा. खाली पडलेलीच डहाळी घ्यायची आणि पान डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायचं. मग तीच बोटांत चुरडून नाकाशी न्यायची. हिनोकीचा वास लिंबाच्या सालीकडे झुकणारा, कोरडा आणि स्वच्छ असतो. या एवढ्याशा कामात पाच मिनिटं सहज जातात, आणि शिनरिन-योकूमध्ये ती वाया गेलेली धरत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. यात माणसाने करायचं काय? या विषयावर सर्वांत जास्त लिहिणारे तोक्योतल्या निप्पॉन मेडिकल स्कूलचे डॉक्टर छिंग ली यांचा हिशोब असा आहे: अर्धा दिवस हाताशी असेल तर दोन तासांत अडीच किलोमीटर, आणि पूर्ण दिवस असेल तर चार तासांत पाच किलोमीटर. आपण रस्त्याने साधं चालतो तेव्हा तासाला चार-साडेचार किलोमीटर जातो. म्हणजे इथे वेग त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सलग इतकं हळू चालणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणूनच त्या दोन तासांत बसणं, थांबणं, वर बघणं हे सगळं धरलेलं आहे. धाप लागली, घाम आला, तर वेग चुकला असं खुशाल समजावं. दमलात तर बसा, तहान लागली तर पाणी किंवा चहा प्या, एखादी जागा आवडली तर तिथेच बसून राहा, असा लींचा सल्ला आहे. परतल्यावर गरम झऱ्याच्या पाण्यात अंघोळ करता आली तर उत्तमच, असंही ते सांगतात. तिथे मात्र खरोखरचं पाणी येतं.

अर्ध्या दिवसाचा फेरफटका साधारण असा होतो. जंगलाच्या तोंडाशी फोन बंद करून पिशवीत टाकायचा. पहिली दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालायचं, कारण तेवढा वेळ डोक्यात घरची आणि ऑफिसची कामंच चालू असतात. मग वेग आणखी उतरवायचा आणि एकेका इंद्रियाकडे वळायचं. आधी कान: जवळचा आवाज, मग त्याच्या पलीकडचा, मग सर्वांत दूरचा. ओढ्याकाठच्या वाटेवर हे सोपं जातं, कारण पाण्याचा आवाज सतत असतो आणि बाकीचे आवाज त्यावर उमटतात. मग तळहात सालीवर ठेवून उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू यांतला फरक बघायचा. मग नाक. पाऊस नुकताच उघडला असेल तर वास जास्त येतो. मध्यावर कुठेतरी पंधरा-वीस मिनिटं बसायचं किंवा चटई टाकून आडवं व्हायचं. आडवं झाल्यावर झाडांचे शेंडे हलताना दिसतात, खाली मात्र वारा जाणवतही नाही. परतीची वाट शक्यतो तीच घ्यायची, म्हणजे रस्ता शोधण्याची चिंता राहत नाही.

या यादीत ध्यान नाही, श्वास मोजणं नाही, कुठला मंत्र नाही. झाडांची नावं पाठ करणंही नाही. वर सांगितलेला पानांचा फरक डोळ्यांना काम देण्यापुरता आहे. वनस्पतींची यादी करत सुटलात तर तो अभ्यासदौरा झाला. अमेरिकेत आणि युरोपात या प्रकाराला नंतर बरंच काही जोडलं गेलं: वर्तुळात बसून मनोगतं, झाडाशी संवाद, शेवटी चहाचा विधी. ज्यांना आवडतं त्यांनी ते जरूर करावं. जपानी वनखात्याने सुरू केलेला प्रकार मात्र याहून पुष्कळ साधा होता, आणि मला तो साधेपणाच जास्त पटतो.

जपानात २००६ पासून 'वनोपचार केंद्रं' म्हणून जंगलांना मान्यता देण्याची पद्धत आहे. आज अशी ६० हून जास्त ठिकाणं आहेत आणि आकासावा त्यांतलंच एक. मान्यता मिळण्यासाठी नुसतं सुंदर असून भागत नाही, त्या जंगलात माणसांवर मोजमाप करून परिणाम दाखवावा लागतो. वाटा कमी चढाच्या असाव्या लागतात. काही केंद्रांवर निघण्याआधी आणि परतल्यावर रक्तदाब मोजतात, आणि प्रशिक्षित वाटाड्या सोबत मिळतो. वाटाड्याचं मुख्य काम, खरं सांगायचं तर, लोकांना पुढे जाऊ न देणं हेच असतं.

हे मोजमाप कसं झालं ते बघण्यासारखं आहे, कारण वर्तमानपत्री दाव्यांचा उगम तिथेच आहे. चिबा विद्यापीठाचे योशिफुमी मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानभरातल्या २४ जंगलांत एकच प्रयोग पुन्हा पुन्हा केला. तो २०१० साली एकत्रित छापून आला. प्रत्येक ठिकाणी विशीतले बारा तरुण घेतले. सगळ्यांचा मुक्काम एकाच ठिकाणी, जेवण सारखं, दारू-सिगरेट बंद. पहिल्या दिवशी सहा जणांना जंगलात नेलं आणि सहा जणांना शहरात, दुसऱ्या दिवशी अदलाबदल केली. म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच झाली. काम मात्र दोन्हीकडे सारखंच होतं: सुमारे १६ मिनिटं चालणं आणि सुमारे १४ मिनिटं खुर्चीत बसून समोर बघणं. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब आणि लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक. ते सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं, म्हणून दोन्ही गटांच्या वेळाही जुळवाव्या लागतात. एकूण २८० तरुणांची नोंद झाली.

शहराच्या तुलनेत जंगलात नुसतं बसल्यावर कॉर्टिसोल १३.४ टक्क्यांनी कमी आढळलं, चालल्यावर १५.८ टक्क्यांनी. नाडी बसल्यावर ६ टक्क्यांनी उतरली. वरचा रक्तदाब मात्र केवळ १.७ टक्क्यांनी. आपण हे घरच्या हिशोबात आणू. ज्याची नाडी मिनिटाला सत्तर आहे त्याचे चार ठोके कमी झाले. ज्याचा वरचा दाब १२० आहे त्याचा तो ११८ झाला. चौदा मिनिटांच्या बसण्याला हे काही वाईट नाही, पण याला रक्तदाबावरचा इलाज म्हणता येणार नाही. हे तरुण निरोगी होते हेही लक्षात घ्यायला हवं. बारा-बारा जणांचे छोटे गट, एका दिवसाचा परिणाम, आणि आपण जंगलात आहोत की रस्त्याच्या चौकात हे प्रत्येकाला अर्थातच दिसत होतं. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटं जंगल देता येत नाही.

कर्करोगाशी जोडलेले दावे दुसऱ्या प्रयोगातून आले. २००५ साली डॉ. ली यांनी तोक्योतल्या मोठ्या कंपन्यांमधल्या ३७ ते ५५ वयाच्या बारा पुरुषांना नागानोतल्या इइयामाच्या जंगलात तीन दिवस, दोन रात्री नेलं. पहिल्या दिवशी दुपारी दोन तास, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आणि दुपारी दोन तास असं चालणं झालं. रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशी, म्हणजे विषाणूग्रस्त आणि गाठीच्या पेशींवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्यांनी मोजल्या. बारापैकी अकरा जणांत या पेशींची क्रियाशीलता सुमारे निम्म्याने वाढली. पुढच्या प्रयोगात ही वाढ आठवड्याहून जास्त टिकली, आणि शहरातल्या तशाच सहलीत ती दिसली नाही.

कारण काय असावं? लींचा भर झाडांनी हवेत सोडलेल्या सुगंधी द्रव्यांवर आहे. त्यांना 'फायटोनसाइड' म्हणतात. हा शब्द बोरिस तोकिन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने रूढ केला. अल्फा-पायनीन हे त्यांतलं एक, हिनोकीच्या वासात असणारं. हे तपासायला लींनी आणखी बारा पुरुषांना शहरातल्या हॉटेलात तीन रात्री ठेवलं आणि खोलीत हिनोकीच्या तेलाची वाफ सोडली. पेशींची क्रियाशीलता तिथेही वाढली, जंगल नसताना.

इथे थांबून नीट बघायला हवं. रक्ताच्या नमुन्यात पेशी जोमदार दिसणं आणि माणसाला कर्करोग न होणं यांत फार मोठं अंतर आहे. शिनरिन-योकूने कुणाचा कर्करोग टळला किंवा बरा झाला असं या प्रयोगांनी दाखवलेलं नाही, आणि बारा जणांत ते दाखवताही येत नाही. शिवाय ही माणसं तीन दिवस कामावरही नव्हती. त्यांतला किती भाग झाडांचा आणि किती सुटीचा, हे वेगळं काढणं कठीण आहे. शहरातल्या सहलीशी केलेली तुलना याच शंकेला उत्तर म्हणून होती, आणि तो या संशोधनाचा जमेचा भाग म्हणायला हवा.

बिघाड कुठे होतो तेही सांगायला हवं. जपानात वसंत ऋतूत लावलेल्या सुगीचे पराग वाऱ्यावर सुटतात आणि लाखो लोकांची नाकं-डोळे वाहू लागतात. सुगीचा बहर ओसरत आला की हिनोकीचा सुरू होतो. ज्या झाडांच्या सान्निध्याने बरं वाटायचं, त्यांच्याचमुळे फेब्रुवारी ते मे हा काळ अनेकांना जंगलाबाहेर काढावा लागतो. अस्वलांचा वावर असलेल्या डोंगरांत लोक कमरेला घंटी बांधतात, मग शांततेचं जे व्हायचं ते होतं. थंडी हा आणखी एक साधा घोटाळा. दाट छायेत बाहेरच्यापेक्षा गारवा असतो आणि बसून राहिलं की अंग पटकन गार पडतं, म्हणून एक जास्तीचा सदरा लागतोच. सर्वांत नेहमीची चूक मात्र सवयीची आहे. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना ती चांगली ओळखता येईल. माथा गाठायचा, वेळ नोंदवायची, पावलं मोजायची, फोटो टाकायचे. त्यात व्यायाम उत्तम होतो, पण ते शिनरिन-योकू नव्हे.

जपानी आकडे जपानी जंगलांतले आहेत, हिनोकी आणि बीचच्या थंड रानांतले. ते आंबोलीच्या किंवा भीमाशंकरच्या झाडीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आणि पावसाळ्यात तिथे चटई टाकून आडवं होणं जळवांना आमंत्रण ठरेल. करून बघायचं असेल तर पावसाळा सरल्यावर, सकाळी, सपाट आणि ओळखीची वाट निवडा. दोन तास मोकळे ठेवा आणि अडीच किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या नेहमीप्रमाणे घेऊनच निघा.